एंडोमेट्रिऑसिस आणि मूल राहण्याची शक्यता

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रक्तासोबत गळून पडते. याच अस्तरासारख्या पेशी कधी कधी गर्भाशयाबाहेर रुजतात. बीजकोशांवर, गर्भनलिकांच्या आसपास, पोटाच्या आतील पातळ आवरणावर किंवा गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत त्या आढळतात. या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. बाहेर रुजलेल्या या पेशीही पाळीच्या चक्रातील संप्रेरकांना प्रतिसाद देतात, सुजतात आणि त्यांच्यातून थोडे थोडे रक्त झिरपते. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट असते, या रक्ताला नसते. ते तिथेच साचते, आजूबाजूला दाह होतो, आणि दाह शमताना व्रण उरतात. हेच महिन्यामागून महिने, वर्षानुवर्षे चालू राहते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रिया व मुलींना हा आजार असतो. तो का होतो, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले स्पष्टीकरण जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडले. पाळीच्या वेळी काही रक्त खाली न जाता गर्भनलिकांतून उलट पोटात जाते आणि त्यातल्या जिवंत पेशी तिथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे दिसून आले की असा उलटा प्रवाह बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये थोडाफार होतो. मग रुजवण मात्र काहींच्याच पोटात का होते, हा प्रश्न उरतो. आनुवंशिकता आणि रोगप्रतिकारशक्तीतील फरक यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

निदान झाले की बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मूल होईल की नाही हा. त्याचे सरळ उत्तर असे की हा आजार म्हणजे वंध्यत्व नव्हे. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या अनेक स्त्रियांना कोणत्याही उपचाराशिवाय दिवस जातात. मात्र दर महिन्याला गर्भ राहण्याची जी शक्यता असते, ती या आजारात कमी होते. हा फरक नीट समजण्यासाठी थोडा हिशोब मांडावा लागतो.

कोणताही आजार नसलेल्या तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण १५ ते २० टक्के असते. हा आकडा ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण सर्व काही सुरळीत असताना पहिल्याच महिन्यात मूल राहावे अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात माणसाची प्रजननक्षमता तशी मंदच आहे. उपचार न घेतलेल्या एंडोमेट्रिऑसिसमध्ये ही मासिक शक्यता २ ते १० टक्क्यांवर येते, असे वैद्यकीय ग्रंथांत नेहमी सांगितले जाते. आता महिन्याला १५ टक्के शक्यता असलेली १०० जोडपी धरली, तर वर्षभरात त्यांपैकी साधारण ८६ जणांकडे दिवस गेलेले असतील. महिन्याला ४ टक्केच शक्यता असेल, तर वर्षअखेर हा आकडा ३९ होईल आणि दोन वर्षांनी ६२. खऱ्या आयुष्यात सगळी जोडपी सारखी नसतात आणि वयाबरोबर शक्यता घटत जाते, त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. पण आजाराचा खरा परिणाम त्यांतून कळतो. दार बंद होत नाही, वाट लांबते. आणि वाट लांबली की मध्ये खर्च होणारा काळ महत्त्वाचा ठरतो, कारण त्याच काळात स्त्रीचे वयही वाढत असते. वंध्यत्वासाठी तपासणीला येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा आजार एरवीपेक्षा बराच जास्त सापडतो, तो याच लांबलेल्या वाटेमुळे.

शक्यता कमी होण्यामागची कारणे पाहायची, तर स्त्रीबीजाचा प्रवास आठवावा लागतो. पाळीच्या चक्राच्या मध्यावर बीजकोशातून एक पक्व बीज बाहेर पडते. गर्भनलिकेच्या टोकाला बोटांसारख्या नाजूक झालरी असतात. त्या बीजकोशावरून फिरतात आणि बाहेर पडलेले बीज टिपून नलिकेत घेतात. बीज जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. तेवढ्यात नलिकेच्या रुंद भागात शुक्राणूशी त्याची गाठ पडावी लागते. पुढचे पाचसहा दिवस वाढता गर्भ नलिकेतून गर्भाशयाकडे सरकतो आणि मग अस्तरात रुजतो. एंडोमेट्रिऑसिस या प्रवासात एकाच ठिकाणी नव्हे, जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर अडथळा आणू शकतो.

सर्वांत सहज समजणारा अडथळा म्हणजे अवयव एकमेकांना चिकटणे. निरोगी पोटात बीजकोश, नलिका, आतडी हे सारे एकमेकांवरून सहज सरकतात. दाहानंतर उरलेल्या व्रणांमुळे त्यांच्यात चिकट धागे आणि पडदे तयार होतात. बीजकोश गर्भाशयाच्या मागे ओढला जातो, नलिका वाकते, झालर एका जागी अडकते. बीज दर महिन्याला वेळेवर बाहेर पडत असूनही ते टिपायला झालर तिथे पोचतच नाही. आजार फार वाढला तर दोन्ही बीजकोश गर्भाशयाच्या मागे मध्यभागी येऊन एकमेकांना चिकटतात, आणि नलिकेचे टोक बंद होऊन तिच्यात पाणी साचू शकते. नलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, अशा स्त्रीत कधी कधी पूर्ण सामान्य येतो. याचे कारण, रंगद्रव्य नलिकेतून वाहिले एवढेच त्यात दिसते, झालरीला हालचाल करता येते की नाही हे दिसत नाही. ट्यूब मोकळ्या आहेत असे सांगितल्यावर अनेक जोडपी निर्धास्त होतात. त्या अहवालाची ही मर्यादा त्यांना आधीच सांगायला हवी.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. पोटाच्या पोकळीत नेहमीच थोडा द्रव असतो आणि बीज, झालर, नलिकेपर्यंत पोचलेले शुक्राणू या साऱ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या द्रवात रोगप्रतिकारक पेशी आणि त्यांनी सोडलेली दाहकारक रसायने वाढलेली असतात. अशा वातावरणात शुक्राणूंची हालचाल मंदावते, बीज आणि शुक्राणू यांच्या मीलनात अडचण येते आणि नलिकेची बीज पुढे नेणारी हालचालही बिघडू शकते. आजाराचे केवळ चार ठिपके असताना, कुठेही चिकटलेले नसताना दिवस का राहत नाहीत, याचे उत्तर बहुधा इथे आहे.

बीज आणि अस्तर यांच्यावरही परिणाम होतो, पण तिथे पुरावा तितका ठाम नाही. दाहामुळे बीजाचा दर्जा खालावतो असे काही निष्कर्ष सांगतात. गर्भाशयाचे अस्तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे गर्भ रुजण्यास ते नीट तयार होत नाही, असेही आढळले आहे. त्याच्या जोडीला काही स्त्रियांत अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंतच शिरलेल्या असतात. या स्थितीला ॲडेनोमायोसिस म्हणतात, आणि त्यानेही गर्भ रुजण्यात अडचण येते.

आणखी एक कारण असे आहे, जे तपासणीच्या खोलीत क्वचितच उच्चारले जाते. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला आजार खोलवर असेल तर शरीरसंबंधाच्या वेळी खूप दुखते. त्या भीतीने संबंध टाळले जातात, नेमक्या बीज बाहेर पडण्याच्या दिवसांतही. नवऱ्याला त्याचा वेगळाच अर्थ लागतो, घरात अबोला धरला जातो, आणि डॉक्टरांना मात्र ‘सगळं नियमित आहे’ एवढेच सांगितले जाते. हे दुखणे स्पष्टपणे विचारले आणि सांगितले गेले पाहिजे. ते लाजेचे कारण नाही, ते आजाराचे लक्षण आहे.

बीजकोशात हा आजार शिरला की तिथे गाठ तयार होते. तिच्यात जुने, घट्ट, तपकिरी रक्त साचलेले असते आणि ते वितळलेल्या चॉकलेटसारखे दिसते, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट हे नाव पडले. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांतही सोनोग्राफीच्या अहवालातून हा शब्द आता घराघरांत पोचला आहे, आणि तो वाचल्यावर पहिली इच्छा होते ती गाठ काढून टाकण्याची. निर्णयाची सर्वांत अवघड जागा हीच आहे. त्यामुळे ती सविस्तर समजून घ्यायला हवी.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत आयुष्यभराची बीजे असतात. नवी बीजे तयार होत नाहीत, असलेली घटत जातात. शिल्लक साठ्याचा अंदाज एएमएच या रक्ततपासणीतून आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान बीजपुटिकांच्या संख्येवरून येतो. चॉकलेट सिस्टमुळे आजूबाजूच्या ऊतीवर ताण आणि दाह होऊन हा साठा काही अंशी आधीच कमी झालेला असतो. पण ती काढण्याची शस्त्रक्रियाही साठा कमी करते. साध्या पाण्याच्या गाठीला स्वतःची स्वच्छ, सुटी भिंत असते. चॉकलेट सिस्टची भिंत मात्र बीजकोशाच्या निरोगी भागाशी एकजीव झालेली असते. ती सोलून काढताना तिच्यासोबत निरोगी बीजेही निघून येतात, आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेल्या डागण्यांनी आणखी काही नष्ट होतात. शस्त्रक्रियेनंतर एएमएच खाली आल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या तर घट अधिक होते, आणि एकाच बीजकोशावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली तर नुकसान आणखी वाढते. त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीची गाठ काढण्यापूर्वी एएमएच तपासलेले असणे आवश्यक आहे. तपासणी न करता घाईने केलेली शस्त्रक्रिया नंतर भरून काढता येत नाही.

आजाराची तीव्रता मोजण्यासाठी अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेची गुणपद्धत जगभर वापरली जाते. दुर्बिणीतून दिसलेल्या डागांना, गाठींना आणि चिकटलेल्या भागांना गुण देऊन त्यांची बेरीज करतात आणि त्यावरून चार टप्पे ठरतात. पहिला टप्पा अत्यल्प, चौथा तीव्र. या टप्प्यांबद्दल एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. टप्पा आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. पहिल्या टप्प्यातली स्त्री पाळीच्या दिवसांत अंथरुणाला खिळू शकते आणि चौथ्या टप्प्यातल्या स्त्रीला काहीच जाणवत नाही असेही घडते. मूल राहण्याचा अंदाजही केवळ टप्प्यावरून बांधता येत नाही. त्यामुळे ‘तिसरी स्टेज’ हे शब्द ऐकून कर्करोगाच्या टप्प्यांसारखा अर्थ लावणे चुकीचे आहे.

निदानाला उशीर होणे हा या आजारातला मोठा प्रश्न आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत अनेक वर्षे जातात, आणि त्याचे एक कारण घरातच असते. पाळीत दुखायचेच, लग्न झाले की थांबेल, एक मूल झाले की सगळे मोकळे होईल, हे सल्ले आई, मावशी, सासू आणि काही वेळा डॉक्टरसुद्धा देतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात पाळी बंद असल्याने काहींना आराम पडतो, पण आजार बरा होत नाही. पाळी परत सुरू झाल्यावर वेदनाही परत येऊ शकतात. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, केवळ आजारावर उपाय म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये असे म्हटले आहे. शाळा किंवा कॉलेज बुडवावे लागेल इतके दुखणे, साध्या वेदनाशामक गोळ्यांनी न थांबणारी कळ, पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी होणाऱ्या वेदना आणि शरीरसंबंधाच्या वेळचे दुखणे, ही चिन्हे आढळली तर तपासणी व्हायला हवी.

पूर्वी खात्रीच्या निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅपरोस्कोपी, करावीच लागे. आता तसे नाही. अनुभवी हातांनी योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट सहज ओळखू येते. तिच्यातला द्रव काचेवर धूळ बसल्यासारखा एकसारखा धुरकट दिसतो. गर्भाशय मागच्या आतड्यावरून सरकते की अडकलेले आहे, हेही पाहता येते. खोलवरच्या आजारासाठी एमआरआयची मदत होते. मात्र पोटाच्या आवरणावरचे छोटे डाग दोन्ही तपासण्यांत बहुधा दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाहीच असे म्हणता येत नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी काही ठिकाणी अजून सांगितली जाते. निदानासाठी ती विश्वासार्ह नाही. भारतात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते, ती जननेंद्रियांच्या क्षयरोगाची. त्यातही नलिका बंद होतात आणि अवयव चिकटतात. म्हणून लॅपरोस्कोपीत शंका वाटली तर ऊतीचा नमुना तपासायला पाठवतात.

उपचारांबाबतचा सर्वांत जास्त गोंधळ औषधांमुळे होतो. डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी तात्पुरती थांबवणारी इंजेक्शने वेदनेवर चांगली चालतात, कारण ती बीज पक्व होण्याची क्रिया दाबतात आणि बाहेरच्या पेशींना मिळणारी चालना कमी करतात. पण ही औषधे चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, आणि ती बंद केल्यानंतर राहण्याची शक्यता वाढते असेही दिसलेले नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीने ‘आधी सहा महिने आजार दाबून टाकू, मग प्रयत्न करू’ असा विचार केला, तर ते सहा महिने वाया जातात. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी हे नुकसान लहान नाही.

शस्त्रक्रियेचा फायदा किती, याचे एक मोजमाप कॅनडातल्या अभ्यासातून मिळते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अत्यल्प किंवा सौम्य आजार असलेल्या ३४१ स्त्रिया होत्या. निम्म्यांचे डाग लॅपरोस्कोपीतच काढले किंवा जाळले, उरलेल्यांचे केवळ पाहून सोडून दिले. पुढच्या ३६ आठवड्यांत दिवस जाऊन गर्भ वीस आठवड्यांपुढे टिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे १८ टक्के होते. दोन वर्षांनी इटलीत झालेल्या छोट्या अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही. दोन्ही एकत्र पाहता फायदा आहे, पण माफक आहे. शस्त्रक्रियेमुळे नैसर्गिक वाट काहीशी रुंद होते, खात्री मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिकरीत्या प्रयत्न करायचे की थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे वळायचे, हे ठरवण्यासाठी डेव्हिड ॲडमसन आणि डेव्हिड पास्ता यांनी २०१० मध्ये एक गुणांक मांडला. त्याला एंडोमेट्रिऑसिस फर्टिलिटी इंडेक्स, थोडक्यात ईएफआय, म्हणतात. तो शून्य ते दहा असतो. एका कल्पित उदाहरणावरून तो कसा काढतात हे पाहता येईल.

समजा, नाशिकमधली ३१ वर्षांची एक स्त्री आहे. दोन वर्षे प्रयत्न करूनही तिला दिवस राहिलेले नाहीत आणि पूर्वीही कधी राहिले नव्हते. शाळेत असल्यापासून पाळीत तीव्र वेदना होतात. सोनोग्राफीत डाव्या बीजकोशात चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट दिसते. एएमएच वयाच्या मानाने ठीक आहे आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सामान्य आहे. ही शेवटची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. बायकोत दोष सापडला की नवऱ्याची तपासणी राहूनच जाते, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर अडचण दोघांतही होती असे कळते. या जोडप्यात तसे काही नाही. वेदना असह्य असल्याने लॅपरोस्कोपी करायचे ठरते. गाठ काळजीपूर्वक काढली जाते, चिकटलेले भाग सोडवले जातात.

शस्त्रक्रिया संपताना सर्जन प्रत्येक बाजूची नलिका, तिची झालर आणि बीजकोश आता किती काम करू शकतील, याला शून्य ते चार गुण देतात. चार म्हणजे पूर्ण निरोगी. डावीकडे नलिकेला ३, झालरीला ३ आणि बीजकोशाला २ मिळाले. उजवीकडे अनुक्रमे ४, ३ आणि ४. प्रत्येक बाजूचा सर्वांत कमी गुण तेवढा धरायचा, कारण साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच टिकते. म्हणजे डावीकडचे २ आणि उजवीकडचे ३, बेरीज ५. या बेरजेसाठी ईएफआयमध्ये २ गुण मिळतात. वय ३५ किंवा त्याहून कमी असल्याचे २ गुण. मूल न राहण्याचा काळ तीन वर्षांच्या आत असल्याचे आणखी २. पूर्वी गर्भ राहिला असता तर एक गुण मिळाला असता, तो नाही. आजाराच्या डागांचे व गाठीचे गुण सोळापेक्षा जास्त असल्याने तिथला एक गुणही गेला. चिकटलेल्या भागांसह आजाराची एकूण बेरीज ७१ पेक्षा कमी असल्याचा १ गुण मिळाला. एकूण ७.

सात हा चांगला गुणांक आहे. या पट्ट्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुढच्या तीन वर्षांत टेस्ट ट्यूबशिवाय दिवस गेल्याचे मूळ अभ्यासात दिसते. अशा जोडप्याला नऊ महिने ते वर्षभर नैसर्गिक प्रयत्न करायला सांगणे योग्य ठरते. तेवढ्यात यश आले नाही, तर पुढची पायरी गाठायची.

आता हीच स्त्री, हेच पोट, हीच गाठ, पण वय ३८ आणि मूल न राहण्याला पाच वर्षे झालेली, असे धरले तर काय होईल? वयाचा एकच गुण मिळेल, काळाचा शून्य. बाकी सारे तसेच ठेवले तरी एकूण ४. आजार तसूभरही वाढलेला नाही, तरी शक्यता कितीतरी घटली. प्रत्यक्षात या वयात एएमएचही उतरलेले असते, त्यामुळे गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेऐवजी थेट आयव्हीएफचा विचार अनेकदा आधी होतो. आयव्हीएफपूर्वी चॉकलेट सिस्ट सरसकट काढल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, हे आता मान्य झाले आहे. गाठ फार दुखत असेल, सोनोग्राफीत संशयास्पद दिसत असेल किंवा बीजे काढणाऱ्या सुईच्या वाटेत येत असेल, तेव्हाच ती आधी काढतात.

सौम्य आजारात आयव्हीएफच्या अलीकडे एक मधली पायरी आहे. बीज पक्व होण्यासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन, योग्य दिवशी धुऊन घेतलेले वीर्य बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. याला आययूआय म्हणतात. नलिका मोकळ्या आणि कार्यक्षम असल्या तरच त्याला अर्थ आहे. झालर अडकलेली असताना आययूआयच्या फेऱ्यांमागून फेऱ्या करणे म्हणजे पैसा आणि महिने दोन्ही घालवणे. तीनचार फेऱ्यांत यश आले नाही तर थांबून पुन्हा विचार करावा, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

आयव्हीएफमध्ये बीजकोशातून सुईने बीजे काढून प्रयोगशाळेत फलन घडवतात आणि तयार झालेला गर्भ थेट गर्भाशयात सोडतात. चिकटलेली नलिका आणि अडकलेली झालर हे टप्पेच त्यात वगळले जातात, पोटातल्या दाहकारक द्रवाशीही गर्भाचा संबंध येत नाही. म्हणूनच या आजारात ही पद्धत इतकी उपयोगी ठरते. तिची मर्यादा बीजांच्या संख्येत आहे. साठा घटलेल्या बीजकोशातून बीजे कमी मिळतात, आणि कमी बीजे म्हणजे कमी गर्भ. इंजेक्शनांमुळे आजार भडकेल अशी भीती अनेकींना वाटते, पण आयव्हीएफमुळे आजार परत येण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. गाठीत सुई शिरली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून बीजे काढताना ती टाळतात.

अविवाहित किंवा इतक्यात मूल नको असलेल्या, पण दोन्ही बीजकोशांत गाठी असलेल्या तरुण स्त्रीपुढे प्रश्न वेगळा असतो. तिच्यावर शस्त्रक्रिया करावीच लागणार असेल तर आधी काही बीजे गोठवून ठेवण्याचा पर्याय तिला सांगायला हवा. तो खर्चिक आहे आणि त्यातून मूल होईलच याची हमी नाही. तरी निवड तिची असावी, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधी करता यावी.

सर्वसाधारणपणे पस्तिशीच्या आतल्या स्त्रीने वर्षभर आणि त्यापुढच्या स्त्रीने सहा महिने प्रयत्न केल्यावर तपासणी करावी, असे सांगितले जाते. एंडोमेट्रिऑसिसचे निदान आधीच झालेले असेल तर इतके थांबण्याचे कारण नाही. मूल हवे असे ठरवतानाच एएमएच, सोनोग्राफी आणि वीर्यतपासणी करून घ्यावी.

दिवस राहिल्यानंतर बहुतेक गरोदरपणे सुखरूप पार पडतात. गर्भपाताचा आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका एरवीपेक्षा थोडा जास्त असतो. वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असण्याचे प्रमाणही वाढलेले आढळते, त्यामुळे पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वारेची जागा नीट पाहून घेतात आणि ती खाली असेल तर शेवटच्या महिन्यांत पुन्हा तपासतात. सुरुवातीच्या आठवड्यांत एका बाजूला तीव्र कळ आली किंवा रक्तस्राव झाला तर लगेच दवाखाना गाठावा, कारण खराब झालेल्या नलिकेत गर्भ अडकण्याची शक्यता या स्त्रियांमध्ये अधिक असते. प्रसूतीनंतर पाळी सुरू झाली आणि लगेच दुसरे मूल नको असेल, तर वेदना व गाठी परत येऊ नयेत म्हणून पाळी दाबणारी औषधे सुरू करता येतात. मूल हवे असताना बाजूला ठेवलेली हीच औषधे या टप्प्यावर उपयोगी पडतात.